दोन महिन्यांत सैल पडणारा कॉस्च्युम : क्लोरीन, तेल आणि धुण्याची पद्धत यांविषयीचे एक प्रकरण

## पार्श्वभूमी

पुण्यातील एका क्लबच्या २५ मीटर लांबीच्या जलतरण तलावावर सराव करणारी तेरा वर्षांची मुलगी आणि तिची आई यांचे हे प्रकरण आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. वस्त्ररसायन हा माझा विषय असल्याने क्लबमधील एका परिचितामार्फत आई माझ्याकडे आल्या, आणि पुढचे सुमारे वर्षभर हे प्रकरण मी जवळून पाहिले.

मुलगी आठवड्यातून पाच दिवस सकाळी सहा ते साडेसात पोहत असे आणि तेथूनच शाळेच्या बसने शाळेत जात असे. ओला कॉस्च्युम जेमतेम पिळून प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला जाई आणि ती पिशवी दुपारी साडेतीनपर्यंत दप्तराच्या तळाशी पडून राही. संध्याकाळी तो घरच्या इतर कपड्यांबरोबर वॉशिंग मशीनमध्ये नेहमीच्या पावडरने, ४० अंश तापमानावर धुतला जाई, आणि मग खांद्याच्या पट्ट्यांना चिमटे लावून गॅलरीतल्या दोरीवर टांगला जाई. केस राठ होऊ नयेत म्हणून ती पोहण्यापूर्वी खोबरेल तेल चोपडून टोपी घालत असे. टोपीच्या कडेतून ते तेल मानेवर आणि तिथून कॉस्च्युमच्या पाठीवर उतरत असे. टँक उघड्यावर असल्याने सनस्क्रीनची त्यात भर होती.

कॉस्च्युमच्या आतल्या लेबलवर ८० टक्के नायलॉन आणि २० टक्के इलॅस्टेन अशी नोंद होती. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक कॉस्च्युमचे कापड याच जातीचे असते. इलॅस्टेन म्हणजेच स्पॅन्डेक्स, किंवा बोलीभाषेत ज्याला सरसकट लायक्रा म्हटले जाते तो धागा.

## अडचण

जूनमध्ये घेतलेला कॉस्च्युम ऑगस्टमध्ये बैठकीकडे सैल पडला आणि उजेडासमोर धरल्यास आरपार दिसू लागला. त्याच कापडाचा दुसरा आणला. त्याचीही दोन महिन्यांत तीच गत झाली. आईंनी दोन्ही माझ्यासमोर ठेवले, तेव्हा दोष कोठे आहे हे कापड उलटे करताच दिसले. आतल्या बाजूने, बैठकीच्या भागात आणि पाठीच्या वरच्या कडेला, पांढरट केसांसारखे बारीक धागे बाहेर आले होते. ते इलॅस्टेनचे तुटलेले धागे होते. कापड दोन्ही हातांनी हलकेच ताणले, तर बारीक करकर जाणवत होती आणि सोडल्यावर ते आखडण्याऐवजी झोळ धरून राहत होते. रंगही उतरला होता, पण रंगाला क्लोरीनइतकेच ऊनही कारण असू शकते, म्हणून निदानासाठी मी त्याला फारसे महत्त्व दिले नाही.

नुसत्या नजरेवर न थांबता एक साधी चाचणी ठरवली. कोरड्या कापडावर १० सेंटीमीटर अंतरावर विरुद्ध रंगाच्या धाग्याचे दोन टाके घालायचे, ते अंतर १३ सेंटीमीटर होईपर्यंत ताणून एक मिनिट धरायचे, सोडून आणखी एक मिनिट थांबायचे आणि पुन्हा मोजायचे. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा तिसरा कॉस्च्युम नुकताच आणलेला होता. त्याचे अंतर १०.१ सेंटीमीटरवर परत आले. सैल पडलेल्या कॉस्च्युमचे ११.२ वर अडकले. पुढे सगळी तुलना याच मापाने केली.

इलॅस्टेन हा पॉलियुरेथेनचा धागा आहे. त्याच्या साखळीत नायट्रोजनला जोडलेले हायड्रोजन असतात. पाण्यातला क्लोरीन त्या हायड्रोजनची जागा घेतो आणि तो दुवा कमकुवत होऊन कालांतराने तुटतो. एकदा तुटलेली साखळी कोणत्याही धुण्याने सांधली जात नाही. नायलॉनमध्येही असाच नायट्रोजन असल्याने त्यालाही झळ बसते, पण ताण सोडल्यावर परत आखडण्याचे काम त्याच्याकडे नसल्यामुळे तिथली हानी उशिरा लक्षात येते.

## पाण्याची तपासणी आणि एक फसवा निष्कर्ष

आईंचा पहिला संशय टँकच्या पाण्यावर होता. क्लबच्या फळ्यावर रोज लिहिले जाणारे आकडे पाहिले, तर क्लोरीन बहुतेक दिवशी दर लिटरला १.५ ते ३ मिलिग्रॅम होता. तलावासाठी ही नेहमीची मर्यादा आहे. फक्त सोमवारी सकाळी तो जास्त भरत असे, कारण रविवारी रात्री जादा मात्रा टाकली जात असे. क्लबकडे तक्रार करण्याजोगे यात काही नव्हते.

त्यानंतर आईंनी स्वतःच एक हुशारीची गोष्ट केली. पाण्यात क्लोरीन असल्यास ते पिवळे करणारे तपासणीचे थेंब त्यांनी आणले आणि दुपारी पिशवीतून निघालेला कॉस्च्युम एका बाटलीत पिळून त्यात ते टाकले. रंग जवळजवळ आलाच नाही. त्यावरून त्यांनी असा अर्थ काढला की दुपारपर्यंत क्लोरीन आपोआप उडून जातो, म्हणजे पिशवीचा काही दोष नाही.

हा या प्रकरणातला पहिला निर्णायक टप्पा होता. त्या निष्कर्षावर थांबले असते तर पिशवी तशीच राहिली असती. दुसऱ्या दिवशी पोहून झाल्यावर लगेच, टँकवरच तीच तपासणी केली, तेव्हा पाणी स्पष्ट पिवळे झाले. बंद प्लास्टिकच्या पिशवीतून क्लोरीनला उडून जायला फारशी वाट नसते. तो संपला याचा अर्थ तो कशावर तरी खर्च झाला. कापडातल्या घामावर आणि तेलावर किती आणि इलॅस्टेनवर किती, हे थेंबांवरून सांगता येत नाही. मात्र दुपारची स्वच्छ चाचणी हा कापड सुरक्षित असल्याचा पुरावा नाही, एवढे त्यांना पटले.

तरीही पिशवीतल्या क्लोरीनलाच मुख्य आरोपी ठरवणे योग्य झाले नसते, म्हणून हिशेब मांडला. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कोरडा कॉस्च्युम १२० ग्रॅम आणि पिळलेला २६० ग्रॅम भरला, म्हणजे त्यात सुमारे १४० मिलिलिटर पाणी उरत होते. पाण्यात दर लिटरला ३ मिलिग्रॅम क्लोरीन धरला, तरी पिशवीत जाणारा क्लोरीन ०.४ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे चिमटीतही न येणारा. याउलट टँकमध्ये दीड तास ताजे क्लोरीनयुक्त पाणी कापडातून सतत वाहत असते. कापडाची मोठी झीज तिथेच होते आणि ती धुण्याने टळत नाही. धुण्याच्या हाती उरते ते नंतरचे आठ-दहा तास : दमट उष्ण पिशवी, कापडात मुरलेले तेल आणि सनस्क्रीन, गरम पाणी, मशीनची घुसळण आणि टांगल्यावर येणारा ओल्या वजनाचा ताण.

## विचारात घेतलेले पर्याय

घरात आणि टँकवर सुचवल्या गेलेल्या उपायांची यादी लांब होती. त्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, की हा उपाय नेमका कशावर चालतो.

व्हिनेगर हा सर्वांत जास्त सुचवला गेलेला उपाय. अर्धी वाटी व्हिनेगर बादलीत घालून कॉस्च्युम भिजत ठेवावा, असे इतर पालक सांगत होते. व्हिनेगर क्लोरीनला निष्प्रभ करत नाही. आम्लामुळे तो उलट अधिक तीव्र रूपात जातो. इतक्या अल्प प्रमाणात त्यापासून धोका नाही, पण उपयोगही नाही. कडक पाण्याचे पांढरे क्षार कापडावर बसले असतील तर व्हिनेगर ते सोडवते, आणि त्यामुळे कापड मऊ लागते; त्याची कीर्ती बहुधा तिथूनच आली असावी. खाण्याच्या सोड्याची कथा याहून वेगळी नाही : वास कमी होतो, क्लोरीन जागच्या जागी राहतो.

क्लोरीन खऱ्या अर्थाने संपवणारे, घरी आणता येण्याजोगे पदार्थ दोन. एक म्हणजे सोडियम थायोसल्फेट, जो माशांच्या टाक्यांच्या दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून खड्यांच्या किंवा थेंबांच्या रूपात मिळतो. दुसरा म्हणजे क जीवनसत्त्व, अर्थात अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल. एक मिलिग्रॅम क्लोरीनसाठी सुमारे अडीच मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरते. म्हणजे कॉस्च्युममधल्या ०.४ मिलिग्रॅमसाठी एकच मिलिग्रॅम. पण बादलीतल्या चार लिटर नळाच्या पाण्यातही क्लोरीन असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नळाला दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो, म्हणजे बादलीत ०.८ मिलिग्रॅम. थोडक्यात, आपण घातलेले औषध कॉस्च्युमपेक्षा नळाच्या पाण्यावरच दुप्पट खर्च होते. या हिशेबाने एका लिंबाच्या रसातले क जीवनसत्त्वसुद्धा पुरून उरेल, पण लिंबाचा चिकटपणा पुन्हा धुवावा लागेल.

याच हिशेबातून दुसरा निर्णय सुटला. चार लिटर साध्या पाण्यात कॉस्च्युम एकदा नीट खळबळला की क्लोरीनचे प्रमाण ३ वरून ०.३ वर येते, आणि दुसऱ्या पाण्यानंतर ते नळाच्या पाण्याइतके होते. त्यामुळे रोजच्या रोज रसायन वापरण्याची गरज उरत नाही. लवकर आणि दोन पाण्यांत खळबळणे पुरते. थायोसल्फेटची जागा राहते ती धाग्यालाच चिकटून बसलेल्या क्लोरीनसाठी, जो साध्या पाण्याने निघत नाही आणि धुतल्यावरही कापडाला टँकचा वास देत राहतो. त्यासाठी आठवड्यातून एकदा हा उपाय ठरवला. क जीवनसत्त्वही चालले असते, पण त्याचे द्रावण हवेत लवकर निकामी होते, आणि औषधाच्या दुकानातल्या चघळण्याच्या नारिंगी गोळ्यांमध्ये रंग आणि साखर असते.

साबणाचा प्रश्न वेगळा होता. साबणाचे काम क्लोरीन काढण्याचे नसून तेल काढण्याचे आहे. तेलकट पदार्थ इलॅस्टेनमध्ये मुरून धाग्याला फुगवतात आणि दुबळे करतात, आणि नुसत्या पाण्याने ते जात नाहीत. या कॉस्च्युमच्या पाठीची वरची कड बैठकीइतकीच झिजली होती, तिथे घर्षण फार नव्हते पण तेल होते, ही खूण मला बोलकी वाटली. म्हणून साबण लागणार होता. मात्र कपड्यांची पावडर नको होती. ती चांगलीच अल्कधर्मी असते आणि अनेक पावडरींमध्ये डाग उडवणारे ऑक्सिजन ब्लीचही असते. लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारे सौम्य द्रव वापरायचे ठरले. कपडे मऊ करणारे द्रव पूर्ण बंद केले, कारण त्याचा थर धाग्यावर साचतो.

शेवटचा पर्याय कापडच बदलण्याचा होता. नियमित सरावासाठी पॉलिस्टर आणि पीबीटी यांच्या मिश्रणाचे कॉस्च्युम मिळतात. पीबीटी हा पॉलिस्टरचाच एक प्रकार असून त्याला स्वतःची लवचीकता असते, त्यामुळे त्यात इलॅस्टेन घालावा लागत नाही, आणि क्लोरीनला पकडण्याजोगा नायट्रोजनही त्यात नसतो. प्रशिक्षक सर हेच सुचवत होते. किंमत जवळजवळ दुप्पट होती आणि नायलॉनचा तिसरा कॉस्च्युम घरात आणलेला होता, म्हणून आईंनी आधी धुण्याची पद्धत बदलून पाहायचे ठरवले.

## प्रत्यक्ष कृती

टँकवर मुलीकडे बस येईपर्यंत वीसच मिनिटे असत. बादली भरून खळबळत बसण्याइतका वेळ नव्हता, आणि हीच अडचण सर्वांत आधी सोडवावी लागली. तोडगा असा निघाला की तिने कॉस्च्युम अंगावर असतानाच शॉवरखाली उभे राहावे, पट्ट्या आणि पाठ ताणून त्यातून मिनिटभर पाणी जाऊ द्यावे, मग तो काढून मगाने दोनदा पाणी ओतून खळबळावा. पिळा घालायचा नाही. तळहातांत दाबून पाणी काढायचे आणि छोट्या टॉवेलमध्ये गुंडाळी करून दाबायचे. वजनकाट्यावर याचा फरक लगेच दिसला : टॉवेलमध्ये दाबल्यावर कॉस्च्युममध्ये १४० ऐवजी सुमारे ६० मिलिलिटर पाणी उरत होते. प्लास्टिकच्या पिशवीऐवजी जाळीची पिशवी आणली आणि ती दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवायला सुरुवात केली.

पोहण्याआधी शॉवर घेऊन कॉस्च्युम साध्या पाण्याने भिजवून घ्यावा, म्हणजे त्यात क्लोरीन कमी शिरतो, असेही सांगितले जाते. पोहताना कापडातले पाणी सतत बदलत असल्याने हा फायदा थोडा वेळच टिकतो. मात्र अंगावरचा घाम आणि तेल आधीच उतरल्यास टँकमध्ये उग्र वासाची क्लोरीनची संयुगे कमी तयार होतात, म्हणून शॉवर ठेवला. तेलाचे प्रमाण बोटभर लावण्यापुरते कमी केले.

घरी आल्यावर रोज संध्याकाळी चार लिटर थंड पाण्यात एक छोटा चमचा सौम्य द्रव घालून कॉस्च्युम दहा मिनिटे ठेवायचा, हाताने दाबत धुवायचा आणि दोन पाण्यांनी साबण काढायचा. रात्रभर भिजत ठेवायचा नाही, हे आईंना दोनदा सांगावे लागले, कारण जास्त भिजवले की जास्त स्वच्छ होते अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. शनिवारी साबणापूर्वी, चार लिटर पाण्यात पाव चमचा थायोसल्फेट विरघळवून त्यात दहा मिनिटे. या पाण्यात व्हिनेगर किंवा लिंबू अजिबात घालायचे नाही, कारण आम्लाशी थायोसल्फेटची गाठ पडली की गंधकाचा गाळ आणि उग्र वायू निघतो.

वाळवताना पट्ट्यांना टांगणे बंद करून कॉस्च्युम कपड्यांच्या स्टँडवर आडवा, सावलीत आणि पंख्याच्या वाऱ्यात पसरायला सुरुवात केली. पुण्याच्या पावसाळी हवेत तो सकाळपर्यंत पूर्ण वाळत नाही, हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आले. दमट कॉस्च्युम पुन्हा अंगात घातला की धाग्याला विसावा मिळत नाही, शिवाय बुरशीचे काळे ठिपके येतात ते वेगळेच. त्यामुळे जुन्यांपैकी त्यातल्या त्यात बरा असलेला कॉस्च्युम सोमवारी आणि गुरुवारी वापरायचे ठरले. सोमवारी पाण्यात क्लोरीन जास्त असल्याने हा वार मुद्दाम निवडला.

## परिणाम

दोन महिन्यांनी तिसऱ्या कॉस्च्युमवरचे अंतर १०.३ सेंटीमीटर भरले. त्याआधीचे दोन एवढ्याच काळात बाद झाले होते. पाचव्या महिन्यात अंतर १०.८ झाले आणि बैठकीकडे आतून पांढरे धागे दिसू लागले, तेव्हा तो सरावातून काढला. यातला काही वाटा धुण्याचा आणि काही आठवड्यातून दोन दिवस मिळालेल्या सुट्टीचा आहे. तीन दिवसांच्या वापराने पाच महिने, हे पाच दिवसांच्या वापराने साधारण तीन महिन्यांइतके झाले. म्हणजे निव्वळ काळजीने कॉस्च्युमचे आयुष्य दोनाचे तीन महिने झाले. पाचपट वगैरे काही झाले नाही. एका ठिकाणी मात्र फरक ठळक होता : पाठीच्या वरच्या कडेला, जिथे तेल उतरत असे, तिथे या वेळी एकही धागा तुटलेला नव्हता.

त्यानंतर आईंनी पॉलिस्टर-पीबीटीचा कॉस्च्युम घेतला. धुण्याची पद्धत तीच ठेवली, फक्त शनिवारचे थायोसल्फेट सोडून दिले. सात महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर त्याचे अंतर १०.१ वर परत येत होते आणि रंगही जवळजवळ तसाच होता. कुरबुरी वेगळ्या निघाल्या. हे कापड कमी ताणले जाते, त्यामुळे पहिले दोन आठवडे काखेजवळ घासून लाल वळ उठत होते, आणि अंगाला नायलॉनसारखे चापून बसत नाही म्हणून मुलीला ते स्पर्धेसाठी आवडले नाही. स्पर्धेपुरता नायलॉन-इलॅस्टेनचा एक वेगळा ठेवला आहे.

## वेगळे काय करता आले असते

सगळे बदल एकाच आठवड्यात सुरू केल्याने कशाचा किती उपयोग झाला हे वेगळे काढता येत नाही. तेलाचा परिणाम पाठीच्या कडेवर दिसला, तो केवळ जागेमुळे ओळखता आला. शनिवारच्या थायोसल्फेटने वास गेला हे खरे, पण ताण टिकण्यास त्याची मदत झाली की नाही, हे ठरवण्यासाठी एकाच वेळी घेतलेले एकसारखे दोन कॉस्च्युम लागले असते : एक रसायनाने धुतलेला, एक त्याशिवाय, दोन्ही आळीपाळीने वापरलेले. आठवड्याला पाच दिवस पोहणाऱ्या घरात दोन कॉस्च्युम तसेही लागतात, त्यामुळे ही तुलना जादा खर्चाशिवाय झाली असती.

कापड बदलण्याचा निर्णय पाच महिने पुढे ढकलला गेला, याविषयी माझे मत प्रशिक्षकांच्या बाजूचे आहे. आठवड्यातून एकदा हौसेने पोहणाऱ्याला नायलॉन-इलॅस्टेन आणि दोन पाण्यांचे खळबळणे पुरते. रोज दीड तास पाण्यात राहणाऱ्या मुलीच्या बाबतीत टँकमध्येच होणारी झीज इतकी मोठी असते की किंमत दुप्पट असूनही पॉलिस्टर-पीबीटी पहिल्याच वर्षात स्वस्त पडते. मात्र तो घेताना शिवणीतले आणि मांडीभोवतीचे इलॅस्टिक कशाचे आहे हे बघायला हवे होते. या कॉस्च्युमचे कापड शाबूत असताना मांडीच्या कडेचे इलॅस्टिक आठव्या महिन्यात लाटा धरू लागले, आणि ते गल्लीतल्या शिंप्याकडून बदलून घ्यावे लागले.

सैल पडलेले तिन्ही नायलॉनचे कॉस्च्युम टाकून दिलेले नाहीत. पाण्याचा अवरोध वाढवण्यासाठी सरावात जलतरणपटू नव्या कॉस्च्युमवर जुना सैल कॉस्च्युम चढवतात. सरांनी मुलीलाही तसे करायला सांगितले आहे, आणि त्या कॉस्च्युमना आता साबणही रोज लागत नाही.